आराखडा वाचावा शेवटच्या रकान्यापासून

बी.एड.चं पहिलं सत्र सुरू झालं की विद्यार्थ्यांच्या हातात प्रत्येक पेपरचा आराखडा पडतो. वर पेपरचं नाव, श्रेयांक आणि तासिका, खाली घटकांची यादी, मग संदर्भग्रंथ आणि अगदी तळाशी गुणविभागणी. शिकवणारे घटकांची यादी मन लावून तयार करतात. शिकणारे मात्र पहिल्याच दिवशी तळाकडे नजर टाकतात आणि सत्रभर कशाला किती वेळ द्यायचा, ते तिथेच ठरवून टाकतात. वरच्या दोन पानांत बालकेंद्री शिक्षणावर कितीही चांगलं लिहिलेलं असो, तळाशी ‘लेखी परीक्षा ८०’ असेल तर ती मुलं व्याख्या पाठ करणार. त्यात त्यांचा दोष नाही. आराखड्यानेच त्यांना तसं सांगितलेलं असतं.

कोणत्याही विषयाच्या पेपरला हे लागू पडतं, पण अध्यापनशास्त्राच्या पेपरला जरा जास्तच. इथे विद्यार्थी ज्या पद्धतीने शिकतो आणि तपासला जातो, तीच पद्धत तो उद्या शाळेत नेतो. ‘मुलांना बोलू द्या’ हे वाक्य फळ्यावरून उतरवून घेणारा छात्राध्यापक नोकरीला लागल्यावर मुलांनाही फळ्यावरून उतरवूनच घ्यायला लावतो. म्हणून या पेपरचा आराखडा मागून पुढे बांधावा लागतो: आधी गुण कशाला द्यायचे ते ठरवायचं, मग त्या कामासाठी काय शिकावं लागेल ते आठवड्यांत मांडायचं आणि शेवटी त्या त्या आठवड्याला उपयोगी पडेल तेवढंच वाचन निवडायचं. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्येच उद्दिष्टं, अध्ययन-अनुभव, त्यांची रचना आणि मूल्यमापन हे चार प्रश्न एकमेकांना जोडून मांडले होते. ते प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक बी.एड. महाविद्यालयात शिकवले जातात. आपल्याच आराखड्याला ते विचारायचं मात्र राहून जातं.

या लेखात असा एक नमुना आराखडा पूर्ण उलगडून पाहू. पेपर आहे ‘अध्ययन आणि अध्यापन’: चार श्रेयांक, म्हणजे सत्रात साठ तास; पंधरा आठवडे, आठवड्याला चार तासिका, गुण १०० आणि पन्नास जणांची तुकडी. २०१४ च्या राष्ट्रीय नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात वीस आठवडे शाळेतल्या कामासाठी राखले गेले. शाळेत पाठवण्याआधी छात्राध्यापकाला काय करता यायला हवं, हा या पेपरचा खरा प्रश्न आहे.

गुण कशाला?

त्याचं एका वाक्यात उत्तर द्यायचं तर, मूल काय विचार करतंय ते त्याला दिसायला हवं आणि जे दिसलं त्यावरून पुढचा पाठ बदलता यायला हवा. हे मान्य केलं की शंभर गुणांची विभागणी आपोआप आकार घेते.

वर्गनिरीक्षणाची नोंदवही: १५
एका मुलाशी बोलून त्याचा विचार समजून घेण्याचं काम: २५
छोट्या पाठाचं टाचण, तो पाठ घेणं आणि सुधारून पुन्हा घेणं: २०
वाचनावरची पाच टिपणं, प्रत्येकी दोन गुण: १०
सत्रांत लेखी परीक्षा: ३०

यात सर्वांत नाजूक जागा पंचवीस गुणांच्या कामाची आहे. तिथे नेमकं काय घडतं ते जवळून पाहू.

छात्राध्यापक जवळच्या प्राथमिक शाळेत जातो आणि तिसरीच्या एका मुलीच्या वहीत ५२ − ३८ = २६ असं उत्तर त्याला सापडतं. बरोबर उत्तर १४. घाईत असलेला माणूस ‘हिला हातच्याची वजाबाकी येत नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो. पण २६ हे उत्तर आलं कुठून? एककाच्या घरात २ मधून ८ जात नाहीत, म्हणून मुलीने ८ मधून २ वजा केले आणि ६ लिहिले. दशकात ५ मधून ३ गेले, २ उरले. तिने एक नियम पक्का धरलेला आहे: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. तो तिने स्वतःच्या मनाने शोधलेलाही नसावा. ‘लहानातून मोठं जात नाही’ हे वाक्य पहिलीपासून तिच्या कानावर पडत आलंय आणि हातचा नसलेल्या उदाहरणांत तिच्या नियमाने प्रत्येक वेळी उत्तर बरोबरच आलंय.

आता हा अंदाज खरा की ती फक्त चुकून घडलेली गोष्ट, हे कसं ओळखायचं? त्यासाठी छात्राध्यापकाने तीन उदाहरणं आधीच तयार करून न्यायची. पहिलं ६८ − २५. इथे हातचा नाही, त्यामुळे तिच्या नियमानेही ४३ हे बरोबर उत्तर येईल आणि तिला साधी वजाबाकी येते हे कळेल. दुसरं ६३ − २७. बरोबर उत्तर ३६, पण तिचा नियम चालला तर ४४ येईल. तिसरं ७० − ४६. बरोबर उत्तर २४, तिच्या नियमाने ३६. इथे तिने ३० लिहिलं तर प्रकरण वेगळं आहे: शून्यातून काही जात नाही म्हणून शून्यच लिहायचा, असा दुसराच नियम मध्ये आला आहे. उत्तरं ४३, ४४ आणि ३६ अशी आली, तर हा निष्काळजीपणा नाही. मुलगी अत्यंत शिस्तीने, दर वेळी तेच करते आहे.

आता बोलण्याची वेळ. ‘हे कसं केलंस, मला सांग ना,’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. मुलगी म्हणते, ‘सर, सातातून तीन गेले, चार राहिले.’ छात्राध्यापकाने हे तिच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, प्रमाण मराठीत सुधारून नाही. मग काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवायच्या, प्रत्येक गठ्ठा दहाचा. ‘यातल्या अडतीस काड्या मला दे.’ मुलगी आठ सुट्या काड्या शोधते, तिला दोनच सापडतात आणि ती थांबते. काही मुलं इथे आपणहून गठ्ठा सोडतात. वहीत २६ लिहिणाऱ्याच मुलीसमोर काड्यांचा एक गठ्ठा आणि चार सुट्या काड्या उरतात. कागदावरचं ५२ आणि हातातल्या बावन्न काड्या या तिच्या मनात अजून जोडल्या गेलेल्या नाहीत, हे तेव्हा छात्राध्यापकाच्या डोळ्यांदेखत उघड होतं. पुढचा पाठ कुठून सुरू करायचा, तेही तिथेच समजतं.

या कामाचे पंचवीस गुण असे विभागायचे: उदाहरणं आणि प्रश्न विचारपूर्वक निवडण्याला पाच, मुलीचे शब्द आणि कृती जशाच्या तशा नोंदवण्याला आठ, त्यातून तिचा नियम ओळखून तो तपासण्याला आठ आणि पुढचं पाऊल सुचवण्याला चार. ‘मुलीला शेवटी वजाबाकी आली का’ याला एकही गुण नाही, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. त्याला गुण ठेवले तर छात्राध्यापक दुसऱ्याच प्रश्नाला मुलीची पेन्सिल हातात घेऊन ‘अगं, असं नाही, असं करायचं’ म्हणू लागतो आणि तिचा विचार पाहायची संधी जाते.

हे काम बिघडलं की ओळखूही येतं. अहवालात मुलाची वाक्यं पाठ्यपुस्तकासारखी शुद्ध असतील, तर ती बहुधा घरी बसून लिहिलेली असतात. प्रत्येक अहवाल ‘मुलाची संकल्पना स्पष्ट झाली’ अशा वाक्याने संपत असेल, तर मागच्या वर्षीची जर्नल फिरली आहेत. आणि अहवालात छात्राध्यापकाची वाक्यं मुलाच्या वाक्यांपेक्षा जास्त असतील, तर त्याने विचारलं कमी आणि शिकवलं जास्त.

आठवडे कसे लागतात

हे पंचवीस गुणांचं काम आठव्या आठवड्यात जमा करायचं ठरलं, की आधीचे सात आठवडे आपोआप भरतात. नुसते विषय भरायचे म्हणून भरावे लागत नाहीत.

पहिल्या आठवड्यात ‘शिकणं कधी घडतं’ यावर विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या शालेय आठवणी. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात वर्ग पाहायला शिकणं. चौथ्यात वर्गात कोण बसलेलं आहे आणि कोण बाहेर राहिलं, हा प्रश्न; नोंदवही याच आठवड्यात जमा. पाचव्यात थॉर्नडाइक, पावलॉव्ह आणि स्किनर, म्हणजे सराव, सवय आणि बक्षीस यांच्या मदतीने शिकण्याचा विचार. सहाव्यात पियाजे, सातव्यात व्हायगॉट्स्की, आठव्यात मुलांच्या चुकांमागचा तर्क.

इथून आराखड्याचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो आणि त्याचा रोख वीस गुणांच्या पाठाकडे असतो. नवव्या आठवड्यात उद्दिष्टं कशी लिहायची, दहाव्यात प्रश्न कसे विचारायचे, अकराव्यात टाचण, बाराव्यात पाठ घेणं, तेराव्यात सुधारून पुन्हा घेणं, चौदाव्यात मूल्यमापन आणि पंधराव्यात लेखी परीक्षेची तयारी.

दुसरा आणि तिसरा आठवडा अनेकांना वाया गेल्यासारखा वाटतो. ‘पाहायला काय शिकवायचं?’ असा प्रश्न येतो. पण पहिल्या निरीक्षणात जवळपास प्रत्येक नोंदवहीत ‘मुलांचं लक्ष नव्हतं’ हे वाक्य असतंच. हा निवाडा झाला, निरीक्षण नव्हे. ‘शेवटच्या बाकावरच्या तिघांनी दहा मिनिटांत वही उघडली नाही, त्यातला एक खिडकीबाहेर बघत होता, दोघं एकमेकांचं रबर घेत होते’ हे निरीक्षण. दोन्हींतला फरक हाताला लागायला दोन आठवडे लागतातच. तो न कळलेला छात्राध्यापक त्या वजाबाकीच्या मुलीपुढे बसला, तरी ‘येत नाही’ एवढंच लिहून परत येणार.

सिद्धान्तांची जागाही यातून ठरते. पियाजे हा ‘चार अवस्था सांगा’ या प्रश्नासाठी शिकवायचा नसून मूल स्वतःचे नियम बांधतं हे कळावं म्हणून शिकवायचा. व्हायगॉट्स्की यासाठी, की एकटीने न जमणारी वजाबाकी काड्या आणि एखादा नेमका प्रश्न मिळाला की जमते. ती जागा कुठे आहे हे शोधता यावं. सहाव्या-सातव्या आठवड्यात हे वाचलेलं आठव्या आठवड्यात मुलीसमोर वापरलं जातं, म्हणून ते डोक्यात राहतं.

दहाव्या आठवड्यासाठी एक साधं पण परिणामकारक काम आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती थांबतात ते मोजलं. सरासरी सुमारे एक सेकंद निघालं. थांबणं तीन सेकंदांच्या वर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि आधी न बोलणारी मुलंही बोलू लागली. छात्राध्यापकांनी एकमेकांच्या पाठात घड्याळ लावून हे मोजायचं. तीन सेकंद गप्प उभं राहणं किती जड जातं, ते प्रत्यक्ष केल्यावरच कळतं.

वाचन: पुस्तकांची नावं नव्हे, पानं

अनेक आराखड्यांच्या शेवटी वीस-पंचवीस संदर्भग्रंथांची यादी असते. कोणतं पुस्तक कधी वाचायचं आणि त्यातली कोणती पानं, याचा उल्लेख नसतो. परिणाम ठरलेला असतो: ग्रंथालयातली पुस्तकं कपाटातच राहतात आणि झेरॉक्सच्या दुकानातलं गाईड हातोहात जातं. नवख्या विद्यार्थ्याला आठवड्याला वीस-पंचवीस पानं पुरतात. ती पानं आराखड्यात लिहिलेली हवीत आणि त्यांचा त्या आठवड्याच्या कामाशी उघड संबंध हवा.

पहिल्या आठवड्यासाठी गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’ घ्यावं. चौथीच्या वर्गावर प्रयोग करणाऱ्या शिक्षकाची ही कथा मूळ गुजरातीतली. मुलं गोंधळ घालतात आणि पहिल्या दिवशी शिक्षकाचा बेत फसतो, ती सुरुवातीची पानंच छात्राध्यापकाला सर्वांत जास्त धीर देतात. गिजुभाईंचं काम भावनगरच्या दक्षिणामूर्तीत चाललं आणि ताराबाई मोडकांनी तिथे त्यांच्याबरोबर काम केलं, त्यामुळे पुढे बोर्डी-कोसबाडच्या कामाकडे वळणंही सोपं जातं.

चौथ्या आठवड्यात जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन. किमान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करावं आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, अशा मागण्या त्यात आहेत. वर्ग पाहून आलेल्या विद्यार्थ्याने हे वाचलं, की ‘शिक्षक कोणाच्या घरातला आणि मुलं कोणाच्या घरातली’ हा प्रश्न त्याला शेवटच्या बाकावर बसलेला दिसतो.

चौदाव्या आठवड्यात मूल्यमापनासाठी ‘प्रिय बाई’. इटलीतल्या बार्बियाना या डोंगराळ खेड्यातल्या शाळकरी मुलांनी शिक्षिकेला उद्देशून लिहिलेलं हे पत्र १९६७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. परीक्षेत नापास झालेल्या मुलांनी शाळांच्या नोंदी तपासून, गरीब घरांतली मुलं कोणत्या इयत्तेत गळतात ते आकड्यांनी दाखवलं. मूल्यमापनाचे प्रकार पाठ करण्याआधी, नापास हा शेरा ज्याच्या वाट्याला येतो त्याचं म्हणणं ऐकलेलं बरं.

वाचनाची टिपणं एका पानाची असावीत. सारांश नको. ‘या वाचनामुळे मी पाहिलेल्या वर्गातली कोणती गोष्ट आता वेगळी दिसते?’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर. त्याला वर्ग पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही आणि म्हणून ते कोणाकडून उतरवूनही घेता येत नाही.

शिक्षकाच्या तासांचा हिशेब

चांगले आराखडे कोसळतात ते बहुतेक वेळा इथे. पन्नास अहवाल, प्रत्येकाला वीस मिनिटं धरली तरी हजार मिनिटं, म्हणजे जवळजवळ सतरा तास होतात. अशी चार कामं ठेवली तर प्राध्यापक तपासणार कधी? मग सगळ्यांना २५ पैकी २१ आणि २२ असे गुण पडतात, शेरा ‘छान’ असतो आणि विद्यार्थ्यांना पुढच्या कामाकडे किती लक्ष द्यायचं ते कळून चुकतं. म्हणूनच या नमुन्यात मोठं लेखी काम एकच आहे आणि टिपणं दोन-दोन गुणांची आहेत.

पाठांचंही तसंच. सूक्ष्म अध्यापनाच्या रीतीने सहा मिनिटांचा पाठ आणि सहा मिनिटं चर्चा धरली, तर पन्नास जणांना एकामागून एक दहा तास लागतील. आठवड्याला तासिकाच चार आहेत. त्यामुळे दहा-दहा जणांचे पाच गट एकाच वेळी बसवायचे. प्रत्येक गटाचं काम दोन तासांत होतं. प्रत्येक पाठावर गटातले दोघे ठरलेल्या कागदावर फक्त दोन गोष्टी नोंदवतात: प्रश्नानंतर किती थांबलं आणि उत्तरावर पुढे काय विचारलं. प्राध्यापक गटांमधून फिरतात. यात सगळे पाठ त्यांना दिसत नाहीत, हे खरं. म्हणून वीसपैकी दहा गुण पहिल्या टाचणात आणि सुधारलेल्या टाचणात काय बदललं व का, यासाठी ठेवायचे. ते कागदावर असतं आणि सावकाश तपासता येतं.

आराखड्यात जमा करण्याच्या तारखेइतकीच, काम तपासून परत देण्याची तारीख महत्त्वाची. चौथ्या आठवड्यात घेतलेली नोंदवही सहाव्या आठवड्यात शेऱ्यासह परत मिळाली, तर ‘निवाडा आणि निरीक्षण यांत गल्लत झाली’ हा शेरा आठव्या आठवड्याच्या कामाला उपयोगी पडतो. तीच पंधराव्या आठवड्यात मिळाली तर तो शेरा फक्त गुण कमी का पडले याचं कारण उरतो. आकारिक मूल्यमापनावर धडा शिकवताना स्वतःचं सगळं मूल्यमापन सत्राच्या शेवटी ठेवणं, हा विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येणारा विसंवाद आहे.

विद्यापीठाने गुण ठरवून दिले असतील तर

प्रत्येक महाविद्यालयाला विभागणी ठरवायची मोकळीक नसते. लेखी परीक्षेला साठ किंवा त्याहून जास्त गुण विद्यापीठानेच ठरवलेले असतात. तरीही अंतर्गत गुणांत मुलाशी बोलण्याचं काम बसवता येतं. शिवाय विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेवर आपला हात चालत नसला, तरी सराव परीक्षेचे प्रश्न आपणच काढतो. ‘पियाजेच्या विकासाच्या अवस्था स्पष्ट करा’ या प्रश्नाशेजारी हा ठेवून पाहा: ‘तिसरीतल्या मुलाने ५२ − ३८ = २६, ६३ − २७ = ४४ अशी उत्तरं लिहिली आहेत. त्याचा नियम ओळखा. तो नियम तपासण्यासाठी आणखी एक उदाहरण तयार करा. मग त्याला विचारायचा पहिला प्रश्न लिहा आणि तोच का, ते पियाजे किंवा व्हायगॉट्स्की यांच्या आधारे सांगा.’ पाठांतर करणाऱ्याला पहिला प्रश्न सोपा जातो. दुसऱ्यात सिद्धान्त तोच आहे, पण त्याचा उपयोग केल्याशिवाय उत्तर लिहिता येत नाही.

हातात आलेला कोणताही आराखडा तपासायचा तर पेन्सिल घेऊन बसावं. गुणविभागणीतल्या प्रत्येक ओळीपुढे, त्या कामाची तयारी कोणत्या आठवड्यात होते ते लिहावं. मग प्रत्येक आठवड्यापुढे, त्या आठवड्याचं वाचन कोणत्या कामाला लागतं ते लिहावं. ज्या गुणांपुढे एकही आठवडा लिहिता येत नाही, ते न शिकवलेल्या गोष्टीचे गुण आहेत. ज्या आठवड्यापुढे एकही काम लिहिता येत नाही, तो विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणार. आणि ज्या पुस्तकापुढे एकही आठवडा येत नाही, ते यादीतून काढलेलं बरं; उरलेली मग खरोखर वाचली जातील.